बाळाला अंगाशी बांधताना

मूल ‘कडेवर’ घेणे हा शब्दप्रयोग आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे, की त्यातील ‘कड’ म्हणजे कंबरेची बाजू, हे सहसा ध्यानी येत नाही. शेतात राबणाऱ्या, डोंगरातून मोळ्या आणणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या स्त्रियांनी लुगड्याच्या पट्ट्याने मूल कडेला किंवा पाठुंगळी बांधून पिढ्यान्‌पिढ्या कामे केली. आता तीच गोष्ट कांदिवलीच्या ठाकूर व्हिलेजमधील उंच इमारतीत कुरिअरच्या खोक्यातून येते, बकला आणि पट्ट्यांसह. किंवा चारकोपच्या एखाद्या घरात आजी कपाटातील मऊ सुती साडी काढून ‘मी बांधते गं’ म्हणते. झोळी विकतची असो की घरची, ती बांधणाऱ्याने दोन गोष्टी पाहायच्या असतात. बाळाचा श्वास मोकळा आहे ना, आणि त्याच्या मांड्या योग्य रीतीने फाकलेल्या व आधारलेल्या आहेत ना. या लेखात आपण एवढ्याच दोन गोष्टी नीट समजून घेणार आहोत. (छताला किंवा खाटेला टांगायची झोळी हा निराळा विषय आहे, येथे अंगावर बांधायच्या झोळीविषयीच बोलू.)

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी बैठक आपल्या शहरातील रुग्णालयांत गेली कित्येक वर्षे रोज वापरली जाते. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याच्या त्या पद्धतीला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. परळच्या केईएम रुग्णालयात सुमन राव, रेखा उदानी आणि रुची नानावटी या डॉक्टरांनी दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर या पद्धतीचा अभ्यास केला आणि २००८ साली तो ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. छातीशी बांधलेल्या बाळांचे वजन दिवसाला सरासरी सुमारे २४ ग्रॅम वाढले, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांचे सुमारे १६ ग्रॅम.

वजनाचे हे आकडे महत्त्वाचे आहेतच; परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे ती त्या बाळांची बैठक. बाळ उभे, आईच्या दोन स्तनांच्या मध्ये. डोके एका कुशीला वळवलेले आणि किंचित मागे कललेले, म्हणजे हनुवटी छातीवर टेकत नाही. हात दुमडलेले. मांड्या पोटाकडे वळलेल्या आणि बाजूंना उघडलेल्या, जणू बेडूक बसला आहे. बुडाखाली कापडाचा भक्कम आधार. दीड किलोच्या नाजूक जिवासाठी ठरवलेली ही बैठक पाच किलोच्या धडधाकट नातवालाही तशीच लागू पडते. असे का, ते आता पाहू.

प्रथम श्वास. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते. एकूण लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोक्याचाच. मानेचे स्नायू मात्र ते पेलण्याइतके बळकट झालेले नसतात. शिवाय डोक्याचा मागचा भाग फुगीर असल्यामुळे मागे कडक आधार लागला की डोके आपोआप पुढे ढकलले जाते. श्वासनलिका लिहायच्या पेन्सिलीपेक्षाही बारीक आणि भिंतीने मऊ. शहाळ्यातील नळी वाकवल्यावर ती जशी दुमडते आणि पाणी येईनासे होते, तसेच काहीसे येथे घडते. हनुवटी छातीवर रुतली की जबडा व जीभ मागे सरकतात, नळी दुमडते आणि हवा थांबते. मोठ्या माणसाला असे झाले तर तो मान उचलतो. दोन महिन्यांच्या बाळाला मान उचलता येत नाही.

दुसरा धोका नाकाचा. पहिले काही महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. नाक आपल्या छातीत, पदरात किंवा झोळीच्या कापडात दाबले गेले, तर तोंड उघडून श्वास घेण्याची युक्ती त्याला पटकन सुचत नाही. कापडाच्या खोल पिशवीत तोंड बुडालेले असेल, तर स्वतःच सोडलेली शिळी हवा ते पुन्हा आत घेत राहते.

आता सर्वांत ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट. अशा वेळी बाळ रडत नाही. रडायला हवा लागते, आणि हवेचीच वाट बंद झालेली असते. म्हणून ‘काही झाले तर रडेलच की’ हा आपला नेहमीचा भरवसा येथे कामाचा नाही. झोळीतले बाळ अगदी शांत झाले, तर त्याला छान झोप लागली असे मानण्यापूर्वी त्याचे तोंड पाहावे.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१०मध्ये झोळ्यांविषयी जाहीर इशारा दिला. त्याआधीच्या वीस वर्षांत झोळीशी निगडित किमान १४ बालमृत्यूंची नोंद त्याच्याकडे होती आणि त्यांपैकी १२ बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती. संख्या लहान वाटेल, पण तिच्यातील वय बोलके आहे. चार महिन्यांच्या आतील बाळ, अपुऱ्या दिवसांचे बाळ, जन्मतः वजन कमी असलेले बाळ आणि सर्दीने नाक चोंदलेले बाळ, यांच्या बाबतीत ढिलाई नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बांधण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांना विचारावे. तसेच बाळ ज्यात केळ्यासारखे वाकून आडवे पडते, त्या पिशवीसारख्या खोल झोळ्या मुळीच घेऊ नयेत. त्यांत पाठ गोल होते आणि हनुवटी छातीवर येते. वरून कापडाच्या कडा मिटतात आणि बाळ दिसेनासेही होते.

मग योग्य बैठक ओळखायची कशी? यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. बाळाची हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये आपले एक बोट, शक्यतो दोन, सहज जायला हवे. मान न हलवता, नुसती नजर खाली केली की त्याचे तोंड दिसायला हवे. आणि आपण मान किंचित झुकवली की त्याच्या कपाळाचा मुका घेता यावा, इतके ते उंच असावे. मुका घेण्यासाठी कंबरेतून वाकावे लागत असेल, तर बाळ खाली बांधले गेले आहे. कापड इतके घट्ट असावे की आपण पुढे झुकल्यावर बाळ आपल्यापासून सुटून लोंबणार नाही. ढिल्या कापडात बाळ हळूहळू घसरते, घसरले की पाठ कोसळते आणि पाठ कोसळली की हनुवटी टेकते. ‘घट्ट बांधले तर गुदमरेल’ ही भीती बहुतेक आज्यांना वाटते. प्रत्यक्षात धोका ढिल्या बांधणीतच अधिक असतो. फक्त छातीशी धरलेल्या पाठीवर हात ठेवून बाळाचा श्वास वर-खाली होताना जाणवला पाहिजे.

आता खुबा. येथे आपल्या पिढीच्या एका लाडक्या समजुतीला धक्का लागणार आहे. बाळाचे पाय वाकडे होऊ नयेत म्हणून ते सरळ ओढून, गुडघे जुळवून, दुपट्यात करकचून गुंडाळायचे, हे आपण पाहत आलो. हेतू चांगला, पण खुब्याचा सांधा नेमकी उलट मागणी करतो. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो, ती वाटी जन्मतः बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. गोळा वाटीच्या मध्यभागी बसून राहिला, तर त्याच्याभोवती वाटी खोल आणि गोल घडत जाते. पोटातल्या बाळाच्या मांड्या महिनोन्‌महिने वर दुमडलेल्या असतात. जन्मल्यावर त्या एकाएकी ओढून सरळ केल्या, की गोळा वाटीच्या काठाकडे ढकलला जातो. काही बाळांत वाटी उथळ राहते, काहींत सांधा निखळतोही. पहिल्या सहा महिन्यांत याची काळजी सर्वाधिक घ्यायची असते.

जपानची हकीकत या बाबतीत सांगण्यासारखी आहे. तेथेही तान्ह्यांचे पाय सरळ करून गुंडाळण्याची रीत होती आणि खुबा निखळण्याचे प्रमाण शंभरात एक ते साडेतीन इतके होते. १९७५च्या सुमारास तेथील अस्थिरोगतज्ज्ञांनी मोहीम हाती घेतली: बाळाचे पाय सरळ बांधू नका, मोकळे ठेवा. ही शिकवण त्यांनी मुद्दाम आज्यांपर्यंत नेली, कारण घरात बाळाला गुंडाळणारे हात त्यांचेच होते. पुढे हे प्रमाण शंभरात ०.२च्या आसपास उतरले. उलट आफ्रिकेतील मलावीसारख्या देशात, जेथे आया बाळाला मांड्या फाकवून पाठीशी बांधतात, तेथे हा विकार फार क्वचित आढळतो. आपली ‘कडेवर’ घेण्याची रीतही त्याच जातीची आहे. पण हेही प्रामाणिकपणे सांगावे लागेल, की अरुंद झोळीमुळेच एखाद्या बाळाचा खुबा बिघडला असे सिद्ध झालेले नाही. जी बैठक सांध्याला हितकर असल्याचे ठाऊक आहे ती सहज साधत असताना दुसरी का घ्यावी, इतकाच प्रश्न आहे.

झोळीत ही बैठक अशी दिसते: कापड बाळाच्या एका गुडघ्याच्या मागील खळगीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खळगीपर्यंत पसरलेले, बूड खोलात आणि गुडघे बुडापेक्षा किंचित वर. बाळ जणू पाळण्याच्या झोक्यात मांडी पसरून बसले आहे. पट्टी जांघेपुरतीच अरुंद असेल, तर पाय काठीसारखे सरळ खाली लोंबतात आणि सारे वजन जांघेवर येते. ती बैठक टाळावी. मात्र पाय जबरदस्तीने फाकवूही नयेत. बाळ स्वतः जितके उघडेल तितकेच उघडू द्यावे आणि खालून आधार द्यावा.

प्रत्यक्ष बांधणी एका उदाहरणावरून पाहू. समजा, बाळ अडीच महिन्यांचे, पाच किलोच्या आसपासचे आहे. सूनबाई रात्रभर जागलेली आहे आणि संध्याकाळी बाळाला अर्धा तास घेऊन आजी घरात फिरणार आहेत. कापड म्हणून मऊ सुती साडी निवडली आहे. रेशमी किंवा नायलॉनची साडी सरकते आणि तिची गाठ सुटते, म्हणून ती नको. जुनी साडी उजेडासमोर धरून पाहावी; कोठे विरलेली दिसली किंवा दोघांनी ताणल्यावर चरचरली, तर ती बाजूला ठेवावी. साडीची लांबी साडेपाच मीटरच्या आसपास असते. ती लांबीत मधोमध दुमडली की हाताशी सुमारे पाऊणे-दोन फुटांचा रुंद पट्टा येतो. प्रथम पदराची पिन काढावी, मंगळसूत्र व माळ पाठीकडे टाकावी, बांगड्या मागे साराव्यात.

पट्ट्याचा मध्य छातीवर आडवा धरावा. दोन्ही टोके काखेखालून पाठीवर न्यावीत, पाठीवर एकमेकांवरून ओलांडावीत आणि विरुद्ध खांद्यांवरून पुढे आणावीत. आता छातीवर एक आडवा खिसा तयार झाला. तो आधीच बराचसा घट्ट असावा. नंतर ओढून पुरता घट्ट होत नाही. बाळ उभे धरून, एक हात बुडाखाली व एक मानेमागे ठेवून, ते वरून खिशात उतरवावे. पाय बेडकासारखे दुमडलेले आहेत हे हाताने पाहावे आणि खिशाची खालची कड बुडाखालून ओढून दोन्ही गुडघ्यांपर्यंत पसरावी. वरची कड मानेच्या मागे, कानाच्या पाळीपर्यंत यावी. डोक्यावरून जाऊ नये. मग खांद्यावरून आलेली दोन टोके, एकेक काठ चिमटीत धरून, थोडीथोडी खाली ओढावीत. सैलपणा असाच हळूहळू निघतो. हिसका दिल्याने नाही. ती टोके बाळाच्या बुडाखाली एकमेकांवरून ओलांडावीत, दोन्ही मांड्यांखालून मागे न्यावीत आणि कंबरेमागे दुहेरी गाठ मारावी. गाठ पक्की होईपर्यंत एक हात बाळावरून उचलू नये. शेवटी बाळाचे डोके एका बाजूला वळवून हनुवटीखाली बोट घालून पाहावे आणि आरशासमोर उभे राहून दोन्ही गुडघे सारख्या उंचीवर आहेत का, तेही पाहावे.

ही बांधणी आधी पाच किलो तांदळाच्या पिशवीवर चार-सहा वेळा करून पाहावी. बाळासह पहिल्यांदा करताना पलंगाच्या काठाशी बसून, घरातले कोणी जवळ असताना करावी.

बांधल्यावर दहा मिनिटांनी काय होते? बाळ झोपते, अंग सैल सोडते आणि अर्धा-एक इंच खाली सरकते. बिघाड बहुधा येथेच शिरतो. म्हणून झोप लागल्यावर पुन्हा एकदा बोट घालून तपासायचे आणि त्यानंतरही दर काही मिनिटांनी नजर टाकायची. अंगावर घेऊन दूध पाजले असेल, तर पिऊन होताच बाळ पुन्हा उभे, उंच करायचे; पिण्याच्या आडव्या स्थितीत झोपू द्यायचे नाही. दृष्ट लागू नये, डास चावू नयेत किंवा रस्त्यावरची धूळ लागू नये म्हणून तोंडावर पदर ओढण्याचा मोह फार होतो. तो आवरावा. टोपडे घातले असेल, तर त्याची झालर नाकावर घसरलेली नाही ना, हेही पाहावे. मुंबईच्या दमट हवेत झोळीचे कापड हाच एक कपडा झाला असे धरून आत पातळ झबल्यापेक्षा अधिक काही घालू नये. मानेच्या मागे हात लावल्यावर घाम व उष्णता जाणवली, तर बाळाला बाहेर काढून गार होऊ द्यावे.

श्वास घेताना कण्हल्यासारखा किंवा घरघर आवाज येणे, नाकपुड्या फुलणे, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाणे, ओठांभोवती निळसर झाक येणे, अंग लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर गाठ सोडत बसू नये. कापड खाली ओढून बाळ काढावे आणि कडक सपाट जागेवर उताणे ठेवावे. उशी देऊ नये. पुष्कळदा मान सरळ होताच श्वास सुरळीत होतो, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बाळ प्रतिसाद देत नसेल किंवा श्वास घेत नसेल, तर लगेच १०८ला फोन करावा. तान्ह्या बाळाला कृत्रिम श्वास कसा द्यायचा, हे घरातील एकाने तरी बाळ घरी येण्यापूर्वी शिकून घेतलेले असावे.

आता उचलणाऱ्याविषयी थोडेसे, कारण आपल्यापैकी अनेकांची साठी उलटलेली आहे. बांधलेल्या बाळामुळे पायांपुढचे दिसत नाही आणि तोल पुढे जातो. ज्यांना चक्कर येते, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान आहे, गुडघा अचानक दगा देतो किंवा झोपेची गोळी चालू आहे, त्यांनी उभ्याने बांधू नये. खुर्चीत बसून बाळाला छातीशी बांधून घेतले तरी बाळाला ऊब तीच मिळते. फक्त तेथेच डुलकी लागणार नाही ना, याचा विचार करावा. खाली पडलेली वस्तू उचलायची असेल, तर कंबरेतून न वाकता गुडघ्यातून बसावे आणि एक हात बाळाच्या पाठीवर ठेवावा. गॅसपाशी, गरम चहाचा कप हाती असताना किंवा स्कूटरवर बाळ बांधलेले असू नये. रिक्षात झोळी म्हणजे सुरक्षेचा पट्टा नव्हे. जोराचा ब्रेक लागला तर बाळ आपल्या व समोरच्या दांड्याच्या मध्ये सापडते. कांदिवली स्थानकाच्या जिन्यावर गर्दीच्या वेळी हे धाडस नकोच.

काही बाळांचा खुबा जन्मतः जास्त जपावा लागतो. पायाळू जन्मलेले बाळ आणि आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा विकार असलेले बाळ, यांची खुब्याची सोनोग्राफी साधारण सहा आठवड्यांचे झाल्यावर करून घेतात. मुलींत आणि पहिलटकरणीच्या बाळात हे प्रमाण थोडे अधिक असते. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडत असेल, किंवा गुडघे जुळवून वर केल्यावर एक गुडघा खाली राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगावे. बाळाला दुखत नाही, म्हणून ते रडून सांगत नाही. अशा बाळाला पाव्हलिक नावाचा मऊ पट्ट्यांचा साज चढवला, तर घाबरू नये. तोही मांड्या वर दुमडून बाजूंना उघड्या ठेवण्याचेच काम करतो. साज असताना झोळी वापरायची की नाही, ते मात्र त्याच डॉक्टरांना विचारावे.

बाळ पाच-सहा महिन्यांचे होऊन मान भक्कम धरू लागले, की मग कडेवरची झोळी. तिरक्या पट्ट्यात ते आपल्या कंबरेला घोड्यावर बसल्यासारखे बसते, एक मांडी पुढे, एक मागे. दर वेळी तीच कड वापरू नये; अर्ध्या तासाने बाजू बदलली, तर आपली कंबर तक्रार करत नाही, आणि बाळालाही दुसऱ्या बाजूने खिडकीतली चिमणी दिसते.